जुन्या दगडी भिंतीवरचा स्प्रे पेंट आणि पोस्टरं : दगडाची कातडी न सोलता कशी काढायची

प्रश्न : आमच्या जुन्या इमारतीच्या दगडी भिंतीवर कोणीतरी लाल स्प्रे पेंटने मोठी अक्षरं काढली आहेत. काही अक्षरं दगडावर आहेत, काही तिथे चिकटवलेल्या पोस्टरांवर. पोस्टरांचे तर थरावर थर आहेत. ठेकेदार म्हणतो प्रेशर वॉशर मारू, नाहीतर सँडब्लास्टिंग करू, एका दिवसात भिंत नवी होईल. पण मला ती नवी नकोच आहे. तिचा जुना, झिजलेला पोत तसाच राहिला पाहिजे. काय करावं?

उत्तर :

सगळ्यात आधी ठेकेदाराला थांबवा. तो खोटं बोलत नाहीये, भिंत खरंच एका दिवसात नवी होईल. अडचण तीच आहे.

तुम्ही ज्याला पोत म्हणताय ती दगडाची कातडी आहे. वर्षानुवर्षं पाणी दगडात मुरतं, पुन्हा बाहेर येऊन सुकतं आणि येताना आतली विरघळलेली खनिजं पृष्ठभागाजवळ ठेवून जातं. वालुकाश्म आणि चुनखडी अशा सच्छिद्र दगडांत यामुळे वरचा पातळसा थर आतल्यापेक्षा कठीण होतो. बहुतेक वेळा तो काही मिलिमीटरांचाच असतो. त्याच्यावर टाकीचे घाव, वाऱ्यापावसाची झीज, दगडफुलाचे ठिपके. वाळूचा मारा रंग काढत नाही, रंग ज्या थरावर बसलाय तो थरच काढतो. मग खालचा मऊ, ताजा दगड उघडा पडतो, लवकर मळतो, लवकर झडतो आणि पुढच्या वेळी कोणी रंग मारला तर तो आणखी खोल शिरतो. प्रेशर वॉशरचंही तसंच आहे. साध्या घरगुती मशीनचा दाबसुद्धा 100 बारच्या पुढे असतो. त्याने दर्जांमधला, म्हणजे दगडांच्या सांध्यांतला, जुना चुना निघून येतो आणि सुटलेला रंग रंध्रांत आणखी आत ढकलला जातो. बेसाल्ट किंवा ग्रॅनाइटसारख्या घट्ट दगडाचं एवढं नुकसान होत नाही, पण त्या भिंतीच्या दर्जाही चुन्याच्याच असतात.

आता मुख्य गोष्ट. माझ्याकडे येणाऱ्या बिघडलेल्या भिंतींपैकी बहुतेक मूळ रंगाने बिघडलेल्या नसतात, रंग काढण्याच्या पहिल्या प्रयत्नाने बिघडलेल्या असतात. स्प्रेचा रंग सुकला की तो मुख्यतः दगडावर बसलेला असतो. आपण त्यावर थिनर ओततो, रंग पातळ होतो आणि पातळ रंग दगड स्पंजासारखा पिऊन घेतो. चोळलं की तो आणखी पसरतो. मग वरून रंग गेलेला दिसतो, पण गुलाबी छाया राहते आणि ती काढायला मूळ रंगाच्या दहापट मेहनत लागते. म्हणजे आपलं भांडण सुकलेल्या रंगाशी नाही, पातळ झालेल्या रंगाशी आहे. पुढची सगळी पद्धत एवढ्यासाठीच आहे की रंग आणि खळ मऊ तर व्हावी, पण वाहू नये, आणि मऊ झाल्यावर बाहेरच्या दिशेने यावी.

नेमकं काय वापरायचं हे दगडावर, रंगाच्या जातीवर आणि तो किती जुना आहे यावर अवलंबून आहे. फोटो बघून कोणी खात्रीने औषध सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. वास्तू संरक्षित असेल तर आधी संबंधित खात्याची लेखी परवानगी घ्या. बाकी तीन चाचण्या तुम्ही स्वतः करू शकता.

पहिली, तळहाताची. भिंतीवर कोरडा हात हलकेच फिरवा. हाताला वाळूसारखे कण लागले किंवा कुठे ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर तिथे स्वतः काहीही करू नका. कणच सुटत असतील तर आधी दगड सावरावा लागतो, सफाई त्यानंतर. ते काम दगडाच्या जतनाचा अनुभव असलेल्या माणसाचंच.

दुसरी, थेंबाची. स्वच्छ दगडावर पाण्याचा एक थेंब ठेवा आणि तो किती वेळात आत मुरतो ते मोजा. काही सेकंदांत नाहीसा झाला तर दगड फार सच्छिद्र आहे. काही मिनिटं तसाच राहिला तर घट्ट आहे आणि तुमचं काम बरंच सोपं आहे. हा आकडा लिहून ठेवा, शेवटी पुन्हा लागणार आहे.

तिसरी, व्हिनेगरची. भिंतीच्या पायाशी आपोआप पडलेली एखादी कपची घ्या, तिची पूड करा, त्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाका आणि भिंगातून बघा. बुडबुडे आले तर दगडात चुनखडी आहे आणि कोणतंही आम्ल त्याला खाणार. कपची दगडाचीच आहे, दर्जेच्या चुन्याची नाही, हे नीट बघा. चुना तर फसफसणारच, आणि दगड कोणताही असला तरी त्या चुन्यासाठी आम्ल वर्ज्यच. ही चाचणी भिंतीवर करू नका. हे मुद्दाम सांगतोय, कारण लोक करतात.

तुमच्या प्रश्नाशी बऱ्यापैकी जुळणारी एक भिंत काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आली होती. तीच सविस्तर सांगतो, म्हणजे क्रम आणि त्यामागची कारणं दोन्ही कळतील.

दगड पिवळसर वालुकाश्म, घडीव, दर्जा चुन्याच्या. सुमारे दोन मीटर लांब लाल अक्षरं, दोन महिन्यांपूर्वीची. डावीकडची निम्मी पोस्टरांवर आणि उजवीकडची थेट दगडावर. पोस्टरांचे सहा थर. थेंब आठ सेकंदांत मुरला, म्हणजे दगड तहानलेला. पूड फसफसली नाही, दर्जेचा चुना फसफसला.

पहिला दिवस फक्त फोटो काढण्यात गेला. साधे फोटो आणि संध्याकाळी भिंतीला जवळजवळ समांतर विजेरी धरून काढलेले तिरप्या उजेडाचे फोटो. तिरप्या उजेडात प्रत्येक खाच, प्रत्येक टाकीचा घाव सावलीने उठून दिसतो. पोत वाचला की नाही हे नंतर ठरवायला याशिवाय पुरावा नसतो, कारण माणसाची आठवण आपल्या कामाच्या बाजूने साक्ष देते.

मग प्रश्न, आधी रंग की आधी पोस्टर? माझ्या मदतनिसाला वाटलं रंग वर आहे तर रंग आधी. उलट आहे. पोस्टरावर पडलेला रंग ही फुकट मिळालेली सवलत असते. कागद निघाला की रंग त्याच्यासोबत जातो, दगडाला स्पर्शही न करता. त्यावर थिनर लावलं तर मात्र लाल पाणी कागदातून झिरपून थेट दगडात जाणार. म्हणून पोस्टर आधी, आणि तेही फक्त पाण्याने.

कोरडं पोस्टर ओढू नका. वरचा थर फाटून येतो, खालचा खळीसकट तिथेच राहतो आणि ठिसूळ जागी दगडाचे कणही उपटून येतात. कागद भिजवायचा म्हणजे नुसतं पाणी मारायचं नाही, ते वाहून जातं. जुनं सुती कापड कोमट पाण्यात बुडवा. हाताला सोसेल इतपत गरम, 40 ते 50 अंश. पाण्यात सौम्य साबणाचे दोनचार थेंब टाका. कापड पोस्टरावर थापून बसवा आणि वरून प्लॅस्टिकचा कागद लावा, म्हणजे ओल सुकणार नाही. प्लॅस्टिक चिकटपट्टीने दगडाला चिकटवू नका, काठीचा टेकू द्या. अर्धा ते पाऊण तास थांबा.

चकचकीत किंवा प्लॅस्टिकचा थर असलेल्या पोस्टरात पाणी शिरत नाही. तिथे वरची पापुद्र्यासारखी फिल्म आधी सोलून काढावी लागते, किंवा प्लॅस्टिकच्या दातेरी पट्टीने तिच्यावर ओरखडे काढावे लागतात. धातूचं पातं वापरलं तर ते कागद ओलांडून दगडापर्यंत जातंच.

भिजलेला कागद वरच्या कोपऱ्यातून सुटा करून स्वतःवरच दुमडत खाली आणा, भिंतीला लागून, जवळजवळ सपाट. आपल्या अंगाकडे ओढू नका. बाहेरच्या बाजूने ओढलं की ताण दगडाच्या कणांवर येतो. भिंतीला समांतर ओढलं की तो कागदावर राहतो. अडेल तिथे लाकडी किंवा प्लॅस्टिकची पाती सरकवा, आणि तरीही अडलं तर पुन्हा भिजवा. एका वेळी एक किंवा दोनच थर. आम्हाला सहा थरांना तीन सकाळी लागल्या. एका सकाळीही झालं असतं, पण मग वाफ मारावी लागली असती. वाफ चांगली असते, पण भेगाळलेल्या दगडावर ती मी टाळतो. (पोस्टरांखाली कधीकधी वेगळंच काही सापडतं. या भिंतीवर दोन दगडांवर मूळ पाथरवटाच्या खुणा निघाल्या. घासणारा ब्रश लावला असता तर त्या आहेत हेही कळलं नसतं.)

आता चिकटवण्याचं काय? निघालेल्या कागदाच्या मागच्या बाजूला पातळ केलेल्या टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका. तो निळा-काळा झाला तर पिठाची खळ आहे. रंग बदलला नाही आणि भिजलेला गोंद दुधासारखा पांढरा, रबरी झाला तर बहुधा पीव्हीए, म्हणजे सुतार वापरतात तो पांढरा गोंद. आमच्याकडे खालचे चार थर खळीचे आणि वरचे दोन पीव्हीएचे निघाले. दगडाला खळ लागली होती हे नशीब.

खळ कोमट पाण्याने फुगते आणि स्पंजाने टिपून निघते, पण दोनतीन वेळा करावं लागतं. पीव्हीए विरघळत नाही. तो फुगलेला असतानाच पातीने उचलायचा आणि उरलेला अंश अल्कोहोल किंवा ॲसिटोनमध्ये भिजवलेल्या कापसाच्या लेपाने काढायचा. मागे चिकट असलेले स्टिकर पाण्याला दाद देत नाहीत. ते हेअर ड्रायरने कोमट करून सोला आणि उरलेला चिकटपणा तशाच लेपाने घ्या.

डोळ्यांना स्वच्छ दिसतंय म्हणून खळ संपली असं समजू नका. राहिलेली खळ सुकल्यावर किंचित चकाकते, धूळ धरते आणि ओल मिळाली की तिच्यावर बुरशीचे काळे ठिपके येतात. खात्री करायची तर ओला कापसाचा बोळा दगडावर फिरवा आणि आयोडीन त्या बोळ्यावर टाका. भिंतीवर टाकलंत तर खळीचा तपास लागेल, पण एक नवा डाग तुमचा तुम्हीच पाडलेला असेल. आमचा बोळा तिसऱ्या धुण्यानंतर निळा व्हायचा थांबला. मग भिंत आठवडाभर सुकू दिली. ओल्या दगडावर सगळेच डाग गडद दिसतात आणि निर्णय चुकतात.

आता उजवीकडची, थेट दगडावरची अक्षरं.

आधी रंगाची जात. कापसाचा छोटा बोळा ॲसिटोनमध्ये बुडवून, निथळून, अक्षराच्या कोपऱ्यावर दहा सेकंद धरा. चोळू नका. कापसाला लगेच लाल लागलं तर ॲक्रिलिक किंवा नायट्रोसेल्युलोज, दोन्ही ॲसिटोनमध्ये विरघळतात. रंग विरघळायच्या ऐवजी सुरकुतला तर बहुधा अल्किड. अल्किड हवेतल्या ऑक्सिजनने आठवड्यामागून आठवडे कडक होत जातो, म्हणून दोन दिवसांचा आणि दोन महिन्यांचा यांत जमीन-अस्मानाचा फरक. आमचा सुरकुतला.

अशा वेळी मी द्रव वापरत नाही, जेल वापरतो. बेंझिल अल्कोहोलवर आधारलेली रंग काढायची जेल मिळते. ती हळू काम करते, आणि मला तेच हवं असतं. जिथे लावली तिथेच राहते, वाहत नाही, रंध्रांत धावत नाही. पूर्वी डायक्लोरोमिथेनची जेल सर्रास वापरली जायची, ती मिनिटांत काम करायची. तिची वाफ जीवघेणी आहे. बंद जागेत काम करताना माणसं दगावली आहेत. अमेरिकेने 2019 साली तिची रंग काढण्यासाठीची किरकोळ विक्रीच बंद केली. ठेकेदाराच्या डब्यावर हे नाव दिसलं तर काम देऊ नका.

जेल थेट अक्षरावर लावली नाही. एका अक्षराच्या टोकाला तळहाताएवढे तीन चौकोन आखले. जेल 3 मिलिमीटर जाडीची, वरून प्लॅस्टिक. पहिल्या चौकोनाला अर्धा तास दिला, दुसऱ्याला एक, तिसऱ्याला दोन. अर्ध्या तासात फक्त वरचा पापुद्रा सुटला. तासाभरात रंग मऊ झाला, पण पुरता उचलला जाईना. दोन तासांत तो जेलसकट सालीसारखा सुटून आला. आणखी थांबून बघितलं तेव्हा जेलच्या कडेला गुलाबी ओल दिसायला लागली, म्हणजे रंग वितळून दगडात जायला लागला होता. तीच मर्यादा. तुमच्या भिंतीवर हा वेळ वेगळा निघेल, म्हणून माझे दोन तास उचलू नका, चौकोन आखायची पद्धत उचला.

बाकी अक्षरांवर जेल लावण्याआधी अक्षराच्या खालची आणि भोवतालची भिंत पाण्याने पूर्ण भिजवली. रंध्रं पाण्याने भरलेली असली की चुकून ओघळ आला तरी तो आत शिरत नाही, पुसता येतो. अक्षराची जागा मात्र कोरडीच ठेवायची. ओल्या रंगावर जेल नीट धरत नाही, आणि ॲसिटोनने निघणारा ॲक्रिलिक असेल तर विरघळलेला रंग पाणी लागताच पुन्हा घट्ट होऊन खाचांत लगद्यासारखा बसतो.

वेळ झाली की लाकडी पातीने जेल आणि रंग उचलायचा. उचलायचा, ओढायचा किंवा पसरवायचा नाही. उरलेलं कापसाने टिपायचं. बोळा जागेवर दाबून लाटण्यासारखा फिरवायचा आणि प्रत्येक वेळी स्वच्छ बाजू घ्यायची. इथेच आमची चूक झाली. एका अक्षरावर मदतनिसाने घाई केली, अर्ध्या तासातच नायलॉनचा ब्रश घेऊन घासलं. अर्धवट मऊ झालेला रंग वीतभर पसरला आणि खाचांत जाऊन बसला. बाकीच्या अक्षरांना दोन लेप पुरले, त्या एका अक्षराला चार लागले, आणि ते आजही नीट बघितलं तर ओळखू येतं. ब्रश नायलॉनचा होता म्हणून निदान दगड तरी वाचला. तारेचा ब्रश असता तर पोत गेलाच असता, शिवाय लोखंडाचे बारीक कण दगडात अडकून पहिल्या पावसानंतर गंजाचे डाग फुटले असते.

जेलच्या दोन फेऱ्यांनंतर वरचा रंग संपला आणि खाचाखळग्यांत गुलाबी छाया उरली. ती रंध्रांच्या आत असते. तिथे घासून काही होत नाही, तिला बाहेर ओढावं लागतं, आणि ओढण्याचं काम लेप करतो.

लेपाची कल्पना सोपी आहे. शोषून घेणारी पूड किंवा लगदा द्रावकात भिजवून दगडावर थापायचा. आधी द्रावक लेपातून दगडात जातं आणि रंग सैल करतं. मग लेप वरून सुकायला लागतो, आतलं द्रावक पृष्ठभागाकडे खेचलं जातं आणि रंगाला सोबत घेऊन येतं. रंग लेपात सुकतो, दगडात नाही. म्हणून लेपाचे दोन टप्पे असतात. पहिले एकदोन तास प्लॅस्टिकने झाकून ठेवायचा, म्हणजे सैल करायला वेळ मिळतो. नंतर प्लॅस्टिक काढून पूर्ण सुकू द्यायचा. बरेच जण झाकलेलाच लेप काढून टाकतात आणि मग म्हणतात लेपाने काही होत नाही. त्यांनी रंग सैल करून आतच ठेवलेला असतो.

आम्ही कागदाचा लगदा वापरला. मुलतानी मातीही चालते, पण फिकट दगडावर मी रंगीत माती टाळतो, तिच्यातलं लोह डाग देऊ शकतं. लेप आणि दगड यांच्यामध्ये पातळ टिश्यू कागदाचा एक थर ठेवायचा, नाहीतर लगद्याचे तंतू खाचांतून टोकरत बसावं लागतं आणि त्या टोकरण्यातच पोत जातो. जाडी साधारण 1 सेंटिमीटर, दाबून बसवलेला. मध्ये हवेचा फुगा राहिला तर तिथे लेप काम करत नाही. सुकल्यावर लेप आपोआप सुटतो आणि त्याच्या पाठीवर गुलाबी नक्षी दिसते. ती फिकट होत जाते तोवर पुढचा लेप द्यायचा. सलग दोन लेपांच्या पाठी सारख्याच फिकट दिसल्या की थांबायचं, त्यापुढे फक्त दगडाला त्रास. शेवटी भरपूर साध्या पाण्याने, बागेच्या नळीच्या दाबाने, वरून खाली धुवायचं.

सुरक्षेचं थोडक्यात, पण गंभीरपणे. ही द्रावकं पेट घेणारी आहेत, आसपास ठिणगी किंवा सिगारेट नको. ॲसिटोन साध्या नायट्राइल हातमोज्यांतून काही मिनिटांत आरपार जातं, ब्यूटिल रबरचे घ्या. धुळीचा मास्क वाफेला अडवत नाही, सेंद्रिय वाफांसाठीची गाळणी असलेला मास्क लागतो. आणि रंग मिसळलेलं पाणी, वापरलेला लगदा, कापूस हे गटारात सोडू नका, गोळा करून घातक कचरा म्हणून द्या.

कॉस्टिक सोड्याबद्दल कोणीतरी सुचवेलच, म्हणून सांगतो. तो रंग खातो हे खरं, पण सच्छिद्र दगडातून तो पूर्ण धुऊन निघत नाही. मागे क्षार राहतात, प्रत्येक ओलीबरोबर ते वर येतात, भिंतीला लोणा लागतो आणि पोपडे सुटतात. हे नुकसान काम झाल्यावर सहा महिन्यांनी दिसतं, तोवर ठेकेदाराचं बिल झालेलं असतं. ब्लीचचीही तीच गत. आम्लाने चुनखडी आणि दर्जा विरघळतात, आणि लोह असलेल्या दगडावर पिवळे-तांबूस डाग उमटू शकतात, ते काढणं रंग काढण्यापेक्षा अवघड.

आता एक गोष्ट, जिची पूर्वकल्पना नसेल तर तुम्ही शेवटच्या दिवशी घाबराल. आमच्या भिंतीवरची पोस्टरं निघाल्यावर तिथे उजळ आयत दिसायला लागले. कागदाने ती जागा इतकी वर्षं धुळीपासून झाकून ठेवली होती, आणि भोवतालची भिंत मळत राहिली होती. अक्षरांच्या जागीही तसंच. लाल रंग गेला, पण अक्षराच्या आकाराचा स्वच्छ दगड राहिला, म्हणजे मजकूर अजून वाचता येत होता, फक्त लालऐवजी फिकट. मालक म्हणाले, मग पूर्ण भिंतच उजळ करून टाका. नेमका इथेच पोत जातो, चांगल्या हेतूने. आम्ही तसं केलं नाही. अक्षरांच्या आणि आयतांच्या कडेपासून फूटभर बाहेरपर्यंत ओल्या स्पंजाने भिंत हलकीशी पुसली, कडेला जास्त आणि बाहेर जाताना कमी कमी, म्हणजे ठळक रेषा मोडली. डोळा कडा वाचतो, कडा गेली की अक्षरही जातं. राहिलेल्या गुलाबी छायेवर मातीच्या रंगांचं अगदी पातळ, पाण्याने पुसता येईल असं पाणी कुंचल्याच्या टोकाने दिलं, फक्त छायेवर, दगडावर नाही. बाकीचं ऊन-पावसावर सोडलं. वर्षभरानंतर गेलो तेव्हा आयत शोधावे लागले.

थांबायचं कधी, हे मी तीन गोष्टींवरून ठरवतो. भिंत पूर्ण सुकल्यावर 3 मीटरवरून बघतो, कारण रस्त्यावरून जाणारा माणूस तिथूनच बघतो, नाक लावून नाही. तिरप्या उजेडाचे नवे फोटो जुन्यांशेजारी ठेवून टाकीचे घाव तितकेच तीक्ष्ण आहेत का ते पाहतो. आणि थेंब पुन्हा ठेवतो. साफ केलेल्या जागी तो शेजारच्या न हात लावलेल्या दगडापेक्षा बराच लवकर मुरला, तर कातडी उघडी पडली आहे. त्या भिंतीवर आठचे सात सेकंद झाले. चार झाले असते तर मी स्वतःचंच काम नापास केलं असतं.

पुन्हा कोणी रंगवू नये म्हणून पारदर्शक कोटिंग लावू का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण ठेकेदार सुचवेल. कायमस्वरूपी कोटिंग सच्छिद्र जुन्या दगडावर नको. आतली ओल कोंडते, क्षार त्याच्यामागे साचतात आणि काही वर्षांत कोटिंग कातडीसकट सुटतं. मेणासारखं, गरम पाण्याने निघणारं आणि प्रत्येक वेळी नव्याने द्यावं लागणारं कोटिंग त्यातल्या त्यात बरं, तेही आधी कोपऱ्यात लावून पाहून.

तर तुमच्यापुरता क्रम असा : फोटो आणि तीन चाचण्या, मग पोस्टरं कोमट पाण्याने, मग आठवडाभर सुकणं. एवढं तुम्ही स्वतः करू शकता. जेल आणि लेपाचं काम, दगड घट्ट असेल आणि अक्षरं थोडी असतील तर स्वतः. थेंब दहा सेकंदांच्या आत मुरत असेल तर अनुभवी माणसाकडून. ठेकेदार तोच ठेवायचा असेल तर त्याला दोन गोष्टी सांगा. काय वापरणार त्या रसायनाचं नाव त्याने लिहून द्यावं. आणि नजरेआड असलेल्या कोपऱ्यात तळहाताएवढा नमुना करून दाखवावा, तो सुकल्यावर तुम्ही तिरप्या उजेडात बघाल, थेंब ठेवाल, आणि मगच पुढचं बोलाल.